हॉल, सही आणि खाचरातली पंगत

लग्न ठरल्याची बातमी घाटघरात फुटली की लोकांचा पहिला प्रश्न असतो, "कार्यालय कुठलं घेतलं?" नाणेघाटाच्या माथ्यावर, जीवधनच्या पायथ्याला आमचं गाव, जुन्नरपासून तीसेक किलोमीटर आत. माझ्या लहानपणी लग्नं दारातच व्हायची. हळूहळू ती जुन्नर, नारायणगाव, ओतूरच्या मंगल कार्यालयांकडे सरकली. मी चाकणला कंपनीत कंत्राटी कामगार, बायको आंबेगाव तालुक्यातल्या आश्रमशाळेत तासिकेवर शिकवते. दोघंही महादेव कोळी समाजाचे. लग्न ठरलं तेव्हा दोघांची मिळून शिल्लक 2 लाख 40 हजार रुपये होती. 2020 च्या जूनमधल्या निसर्ग वादळात आमची हिरड्याची झाडं आडवी झाली होती, तेव्हा घरून भर पडण्यासारखी नव्हती. आम्ही 2022 च्या नोव्हेंबरमध्ये पुण्यात विवाह अधिकाऱ्यांसमोर लग्न केलं आणि त्यानंतर गावात जेवण घातलं. तेव्हापासून भावकीतली आणि कंपनीतली पोरं विचारायला येतात. त्यांना सांगतो तेच इथे लिहितो आहे.

1. हॉलचं भाडं विचारू नका, हॉलमुळे काय काय येतं ते विचारा.

आम्हीही कार्यालयाचा हिशेब आधी मांडूनच पाहिला. धाकट्या बहिणीचं लग्न त्याआधी कार्यालयात झालं होतं, तेव्हा आकडे घरातलेच होते. 800 माणसं धरली. भाडं 60 हजार. ताट 170 रुपयांचं, म्हणजे जेवणाचे 1 लाख 36 हजार. स्टेजचं डेकोरेशन 35 हजार, फोटो आणि व्हिडिओ 40 हजार, बँड 30 हजार, गावाहून माणसं नेण्या-आणण्याच्या गाड्या 25 हजार, मानपान आणि टोप्या-टॉवेल 40 हजार, पत्रिका 8 हजार. एकूण 3 लाख 74 हजार. सोनं आणि कपडे यात नाहीत. ते दोन्ही प्रकारच्या लग्नांत जवळपास सारखेच लागतात, म्हणून मी ते बाजूला ठेवले.

आता या यादीकडे नीट बघा. भाडं 60 हजारच दिसतं. पण डेकोरेशन स्टेज आहे म्हणून लागतं, बँड वरात कार्यालयाच्या दारात न्यायची म्हणून लागतो, गाड्या कार्यालय तीस किलोमीटरवर आहे म्हणून लागतात, आणि फोटोवाल्याचं मोठं पॅकेजही स्टेजच्याच मापाचं असतं. भाड्यासकट हे सगळं 1 लाख 90 हजारांवर जातं, म्हणजे एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त. पाहुणे 800 वरून 400 केले तर जेवणाचे 68 हजार वाचतात, पण या 1 लाख 90 हजारांतलं, गाड्या सोडल्या तर, काही हलत नाही. "आपण कार्यालय घेऊ, पण माणसं कमी बोलवू" असं ठरवणाऱ्यांची गाडी इथेच अडते.

आमच्या शिल्लकीतून हे भागवायचं तर 1 लाख 34 हजार कमी पडत होते. गावात व्याजाने पैसे मिळाले असते ते शेकडा दोनने, म्हणजे दरमहा 2 हजार 680 रुपये नुसतं व्याज. माझ्या पगारातून खोलीभाडं आणि किराणा गेल्यावर उरतं ते जवळपास तेवढंच. म्हणजे मुद्दल तसंच राहिलं असतं.

कार्यालय घ्यायचंच असेल तर दोन गोष्टी ॲडव्हान्स देण्याआधी कागदावर घ्या. पहिली, ताटांचं बिल कसं होणार: तुम्ही सांगितलेल्या आकड्यावर की प्रत्यक्ष वापरलेल्या ताटांवर? बहिणीच्या लग्नात 800 सांगितली होती, जेवली सहाशेच्या आसपास, पैसे मात्र 800 चे गेले, कारण कमीत कमी आकडा बोलण्यात ठरला होता आणि तो कुठे लिहिलेला नव्हता. लग्नाच्या किती दिवस आधीपर्यंत हा आकडा कमी करता येईल तेही लिहून घ्या. दुसरी गोष्ट, लाइटचं मीटर, जनरेटरचं डिझेल, साफसफाई आणि भांडी भाड्यात आहेत की वेगळी. दाट तिथीच्या दिवशी यावर वाद घालायला कोणाला वेळ नसतो, पैसे देऊनच बाहेर पडावं लागतं.

2. कोर्ट मॅरेजला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, पण कॅलेंडर समोर ठेवावं लागतं.

हे लग्न 1954 च्या विशेष विवाह कायद्याने होतं आणि ते लावतात विवाह अधिकारी. त्यांचं कार्यालय राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या हाताखाली असतं. आम्हाला त्यासाठी पुण्याला जावं लागलं. वकील लागत नाही. एका एजंटने आमच्याकडे आठ हजार मागितले होते. सरकारी फी त्यापुढे अगदीच किरकोळ, शंभरांत मोजण्यासारखी.

पहिलं पाऊल म्हणजे नोटीस. नोटिशीच्या आधी किमान 30 दिवस दोघांपैकी एकाचं तरी राहणं त्या जिल्ह्यात असलं पाहिजे. जुन्नर आणि आंबेगाव दोन्ही पुणे जिल्ह्यात, म्हणून आम्हाला एकच कार्यालय पुरलं. दुसरं माणूस परजिल्ह्यातलं असेल तर नोटिशीची प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्यांकडेही जाते. नोटीस ऑनलाइन भरता येते, पण मूळ कागद दाखवायला दोघांना प्रत्यक्ष जावं लागतं. मग ती कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावतात आणि 30 दिवस हरकतीची वाट बघतात. हरकत कोणालाही घेता येते, पण कारण कायद्यातलंच लागतं: आधीचं लग्न अजून कायम आहे, मुलगा 21 चा किंवा मुलगी 18 ची नाही, संमती देण्याइतकं मन ठिकाणावर नाही, किंवा नातं निषिद्ध आहे. "आम्हाला हे स्थळ पसंत नाही" हे कारण चालत नाही.

या 30 दिवसांचं सगळ्यांना माहीत असतं. दुसरी मुदत मात्र बरेच जण विसरतात. नोटीस दिल्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत लग्न झालं नाही तर ती नोटीस रद्द होते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. म्हणजे लग्न लावायला हातात उरतात साधारण दोन महिने. आम्ही दसऱ्यानंतर नोटीस दिली, कारण नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत भात घरात येतं आणि घरची माणसं मोकळी होतात. जूनमध्ये नोटीस दिली असती तर ते दोन महिने आवणी आणि घाटातल्या पावसात गेले असते, आणि साक्षीदारांना घाटघरातून पुण्याला काढणं मुश्कील झालं असतं.

लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात, त्यांच्या ओळखपत्रांसह. विवाह अधिकाऱ्यांसमोर आणि या तिघांसमोर दोघांनी एकमेकांना कायदेशीर नवरा-बायको म्हणून स्वीकारत असल्याचं तोंडाने बोलायचं असतं, आपल्याला समजेल त्या भाषेत. मग सगळ्यांच्या सह्या होतात आणि प्रमाणपत्र मिळतं. आमचे साक्षीदार म्हणजे माझे चुलते, बायकोचा मामा आणि तिची आश्रमशाळेतली मैत्रीण. प्रवास, फोटो, फी आणि सगळ्यांचं जेवण धरून साडेतीन हजार खर्च आला.

3. ग्रामपंचायतीतली नोंदणी आणि हे लग्न या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हा सगळ्यात जास्त गोंधळाचा भाग, म्हणून सावकाश सांगतो. महाराष्ट्रात 1998 चा विवाह नोंदणीचा कायदा आहे. त्याखाली गावात ग्रामसेवकाकडे लग्नाची नोंद होते. फॉर्म भरायचा, दोघांचे आणि तीन साक्षीदारांचे कागद आणि फोटो, लग्नपत्रिका, लग्न लावणाऱ्याची सही. लग्नानंतर 90 दिवसांत केली तर फी कमी, पुढे थोडी वाढते. पण ही नोंद झालेल्या लग्नाची असते. ग्रामसेवक लग्न लावत नाही. दारात किंवा देवळात विधी झालेलाच नसेल तर नुसत्या नोंदीने लग्न उभं राहत नाही. 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं. दोघं वैमानिक होते. विधी न करता एका संस्थेकडून विवाहाचं प्रमाणपत्र घेऊन त्यांनी नोंदणी करून टाकली होती. हिंदू विवाह कायद्याखाली हे लग्नच झालं नाही, असा निकाल लागला. विशेष विवाह कायद्यात उलट आहे. तिथे अधिकाऱ्यासमोरचं बोलणं आणि सह्या हेच लग्न, विधी केला काय न केला काय.

आमच्या समाजासाठी यात आणखी एक गाठ आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 2 मध्येच लिहिलं आहे की केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. महादेव कोळी अनुसूचित जमातीत येतात. म्हणजे आमची दारातली लग्नं उभी राहतात ती समाजाच्या रूढीवर. संसार सुरळीत चालला तर त्याने काहीच अडत नाही. पण उद्या कधी वाद झाला, तर कोणत्या रूढीने लग्न झालं आणि ते कसं पूर्ण झालं, हे सिद्ध करण्याचं ओझं येतं, आणि ते बहुतेक वेळा बाईच्या डोक्यावर. माझ्या बायकोने हे वाचलेलं होतं. ती म्हणाली, "मला पुढे कुणाला विचारत बसायचं नाही, की माझं लग्न झालंय हे सांगायला या." विशेष विवाह कायदा जात, धर्म, जमात न पाहता कोणालाही लागू आहे. म्हणून आम्ही तो घेतला.

ज्यांना पुण्याचे हेलपाटे नको आहेत त्यांनी दारात साधा विधी करावा, त्याचे फोटो नीट काढावेत आणि 90 दिवसांत ग्रामसेवकाकडे नोंद करावी. हा मार्ग सर्वांत स्वस्त आहे आणि बहुतेकांना पुरेसा आहे. घोडेगावच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात कन्यादान योजनेचीही चौकशी करून ठेवा. सामूहिक विवाहात लग्न करणाऱ्या आदिवासी जोडप्यांना तिच्यातून मदत मिळते.

4. मामाची मुलगी असेल तर पुण्याचा रस्ता धरण्याआधी थांबा.

आपल्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानतात. अशी लग्नं गावोगाव आहेत आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पण विशेष विवाह कायद्याला निषिद्ध नात्यांची एक यादी जोडलेली आहे, आणि त्यात मामाची मुलगी, आत्याची मुलगी, चुलत आणि मावस बहीण, सगळ्या आहेत. रूढीची सवलत कायद्यात आहे, पण ती रूढी राज्य सरकारने राजपत्रात जाहीर केलेली असावी लागते. "आमच्यात चालतं" एवढं सांगून अधिकारी पुढे जाऊ शकत नाहीत.

माझ्या एका मावसभावाचं असंच झालं. मुलगी सख्ख्या मामाची. फॉर्म भरला, कागद जमवले, आणि नातं विचारल्यावर सगळं थांबलं. खोटं सांगून सही करणं हा मार्ग नाही, कारण लग्नाआधी द्यायच्या जाहीरनाम्यात आपण निषिद्ध नात्यात नाही असं लिहून द्यावं लागतं. खोटं लिहिलं तर गुन्हा होतो आणि लग्नही रद्दबातल ठरतं. त्यांनी शेवटी दारात मांडव घालून रीतीप्रमाणे लग्न लावलं आणि ग्रामसेवकाकडे नोंद केली. त्यांच्यासाठी तोच योग्य मार्ग होता.

5. दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव शेजारी ठेवून वाचा.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर "बाळू", आधारवर "बाळासाहेब". दाखल्यावर वडिलांचं नाव "मारुती", पॅनवर "मारोती". एका कागदावर आडनाव, दुसऱ्यावर आडनावाच्या जागी गावाचं नाव. आमच्या भागात हे घरोघरी सापडतं. दोन्ही कागद एकाच टेबलावर ठेवा आणि अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचा, जन्मतारखेसकट. फरक किरकोळ असेल तर आधार दुरुस्त करणं सोपं पडतं. नावच वेगळं असेल तर राजपत्रात नावबदल करावा लागतो आणि त्याला वेळ जातो, म्हणून हे काम नोटिशीच्या बरंच आधी उरका. साक्षीदारांचे कागदही त्याच दिवशी बघून घ्या. घटस्फोटित असाल तर कोर्टाच्या हुकमाची प्रत आणि जोडीदार वारला असेल तर मृत्यूचा दाखला लागतो.

6. आहेराची वही घरातल्यांसमोर उघडा.

वडिलांचा, म्हणजे दादांचा, विरोध सहीच्या लग्नाला नव्हता. त्यांना लागलं होतं ते वेगळंच. आमच्या घरात एक जाड वही आहे, पत्र्याच्या पेटीत कापडात गुंडाळलेली. कोणाच्या लग्नात किती आहेर केला आणि आमच्याकडच्या कार्यात कोणी किती आणला, हे सगळं त्यात लिहिलेलं. 51, 101, पुढे 251, 501. काही नावांपुढे साडी, काहींपुढे तांब्या. दादा म्हणाले, "आरं, मी वीस वर्षं लोकांच्या दारात आहेर नेतोय. आता माझ्या दारात कार्य न्हाई म्हणशील, तर ह्याचं काय करायचं?"

मला ते म्हणणं रास्त वाटलं, आजही वाटतं. शहरात लोक आहेराला भेटवस्तू समजतात. गावात तो एकमेकांना दिलेला हात असतो, आणि तो योग्य वेळी परत येतो या भरवशावर घरं कार्य काढतात. सहीचं लग्न करून गप्प बसलं तर हा हिशेब मध्येच तुटतो आणि आई-वडील ओशाळे होतात. म्हणून पोरांनो, "आम्हाला साधं लग्न करायचंय" असं सांगून मोकळे होऊ नका. वही घेऊन बसा.

आम्ही तिघं बसलो, मी, दादा आणि आई. वहीतल्या प्रत्येक नावापुढे खूण केली: हे घर चूलबंद, हे घरटी एक, आणि ज्यांच्याशी आता येणं-जाणं उरलेलं नाही ती सोडून द्यायची. 800 चा आकडा असाच साडेतीनशेवर आला. कोणाचं नाव आम्ही पैशांकडे बघून कापलं नाही, वहीनेच ते सांगितलं. मुंबईला गेलेल्या बऱ्याच घरांना आईने स्वतः फोन केले: "लग्न सहीचं केलंय, गावाला याल तेव्हा जेवायला या." त्यातले कितीतरी जण पुढे जत्रेला आले तेव्हा घरी येऊन आहेर देऊन गेले.

एका चुलत आजोबांची हरकत निराळी होती. अक्षता नाहीत, भटजी नाही, हे कसलं लग्न? त्यांना मी आपल्याच तालुक्यातली गोष्ट सांगितली. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला, आणि त्याच वर्षी 25 डिसेंबरला पुण्यात भटजीशिवाय पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. पुढे 1884 च्या सुमारास ओतूरच्या बाळाजी कुसाजी पाटलांनी आपल्या घरचं लग्न तसंच लावलं, तेव्हा ग्रामजोश्यांनी हक्काच्या दक्षिणेसाठी दावा लावला आणि वाद हायकोर्टापर्यंत गेला. आज कोणावरही असा दावा होत नाही, तो त्या लोकांनी सोसलं म्हणून. आजोबा थोडा वेळ बोलले नाहीत. मग विचारलं, "ओतूरचं? आपल्या ओतूरचं?" जेवणाच्या दिवशी पहिल्या पंगतीला ते पानावर बसले होते. करोनाच्या दिवसांची आठवणही उपयोगी पडते. 2021 च्या एप्रिलमध्ये सरकारने 25 माणसं आणि दोन तास असं बंधन घातलं होतं. त्यात लागलेल्या लग्नांना आज कोणी अर्धं लग्न म्हणत नाही.

7. जेवण भात निघाल्यावर घाला.

घाटघरात पावसाळ्यात पाणी कोसळतं, आणि एप्रिल-मेमध्ये हंड्यासाठी फिरावं लागतं. लग्नसराई नेमकी तेव्हाच. उन्हाळ्यात दारात कार्य काढायचं तर टँकर आलाच. शिवाय त्याच दिवसांत बाळहिरडा गोळा करायचा असतो. घरातली सगळी माणसं झाडाखाली असतात आणि अंगणात हिरडा वाळत पडलेला असतो. मांडव टाकायला जागा कुठे? उन्हाळ्यात लोक कार्यालयाकडे वळतात त्याचं हे एक मोठं कारण आहे, आणि ते खरं आहे.

तुळशीच्या लग्नानंतर मात्र सगळं जुळून येतं. विहिरीला पाणी, घरात नवा तांदूळ, आणि कापणी झालेलं मोकळं खाचर. आम्ही डिसेंबरच्या सुरुवातीला घरामागच्या खाचरात पंगती मांडल्या. खाचर निवडताना एक बघा: कापणी होऊन दोन आठवडे तरी गेलेले असावेत. वरून वाळलेलं दिसतं, पण टाच रोवून बघितली आणि ओल लागली, तर शंभर माणसं बसल्यावर तिथे चिखल होतो. धसकटं कुदळीने मुळासकट काढावी लागतात. नुसती विळ्याने छाटली तर ती ताडपत्रीतूनही टोचतात. आम्ही पोरांनी एका सकाळी खाचर साफ केलं, बांधाच्या कडेला चुलवण खणलं आणि पाण्याची पिंपं सावलीत लावली.

साडेतीनशे माणसांना माणशी शंभर ग्रॅम धरले तर 35 किलो तांदूळ होतो. घरचा इंद्रायणी होता, आम्ही 40 किलो काढला. तूरडाळ 15 किलो. आमटी, वांगं-बटाट्याची भाजी, पुरी आणि बुंदी. आचारी आणि त्याची माणसं 9 हजार, किराणा आणि भाजी 22 हजार, सरपण आणि गॅस 3 हजार, मांडव आणि लाइट 8 हजार, पत्रावळ्या-द्रोण 2 हजार, गावच्या भांड्यांचे 1 हजार. एकूण 45 हजार. वाढायला भावकीतली पोरं, त्याचे पैसे नाहीत, पण त्यांच्या कार्यात आपण वाढायला उभं राहायचं हे ठरलेलं. पुण्याचे साडेतीन हजार मिळवले तर साडेअठ्ठेचाळीस हजारांत सगळं झालं. शिल्लकीतले 1 लाख 91 हजार 500 उरले. त्यातून मंगळसूत्र आणि कपडे झाले, आणि चाकणच्या खोलीचं डिपॉझिट भरलं. कर्ज काढावं लागलं नाही.

गावात जेवण घालायला प्रत्येकाला जमेलच असं नाही. जागा नसेल, भावकीत बोलचाल नसेल, किंवा मुलीकडचे लांबचे असतील, तर छोटं कार्यालय बरं पडतं. पण मग दुपारच्या जेवणापुरतं घ्या, सही आधीच करून ठेवा, आणि स्टेजऐवजी दोन खुर्च्या मांडा. सही आधी झालेली असली की मुहूर्तासाठी कोणी ताटकळत नाही, आणि दाट तिथी सोडून साधा दिवस मागता येतो. साध्या दिवशी भाड्याची घासाघीसही करता येते.

8. प्रमाणपत्र हातात आल्यावर पहिल्या आठवड्यातच कामाला लावा.

त्याच्या चार-पाच साक्षांकित प्रती काढून ठेवा. रेशनकार्डावर नाव चढवणं, बँकेत जोडखातं, पुढे घरकर्ज किंवा पासपोर्ट, सगळीकडे तेच मागतात. बाईने नाव बदललंच पाहिजे असं कुठल्याही कायद्यात नाही. माझ्या बायकोने माहेरचंच ठेवलं. तिचं जातीचं प्रमाणपत्र, बीएडची पदवी आणि आधार सगळं एका नावावर आहे, आणि नोकरीच्या अर्जात त्याचा फायदाच होतो. कंपनीत काम करणाऱ्यांनी पीएफचं नॉमिनेशन नव्याने भरावं. लग्नाआधी आई-वडिलांची नावं घातलेली असतात आणि पुढे तो फॉर्म कोणी उघडूनही बघत नाही. आता ते ईपीएफओच्या पोर्टलवर मोबाइलवरूनही होतं. आधार आणि फोटो लागतो, फी नाही.

यंदा दसऱ्यानंतर माझ्या चुलतभावाची नोटीस जायची आहे. मुलगी ठाणे जिल्ह्यातली, घाट उतरून खालच्या गावातली, म्हणून प्रत तिकडेही जाईल. दोघांचे दाखले आणि आधार आम्ही गेल्या रविवारी शेजारी ठेवून वाचले. तिच्या दाखल्यावर जन्माचा महिना चुकलेला निघाला, तो शाळेतून दुरुस्त करून घ्यायला ती या आठवड्यात जाते आहे.